पुढच्या खेपेसाठी लिहिलेली नोंद

मोरगाव महाराष्ट्राला मयूरेश्वरामुळे ठाऊक आहे. अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू करायची प्रथा आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या गरोदर बायकांना मात्र मोरगाव आठवतं ते तपासणीसाठी: प्राथमिक आरोग्य केंद्रातली रांग, वजनकाटा, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीसाठी दिलेली चिठ्ठी. साधं बाळंतपण गावाजवळ होऊन जातं. सिझेरियन करावं लागलं, तर बारामती गाठावी लागते. रस्ता ३५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि गाडी मिळून दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत तासभर सहज जातो.

त्यात आपल्याकडे पहिली खेप माहेरी करतात. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, बाळंत होते, तीन-चार महिन्यांनी सासरी परतते, आणि दुसऱ्या खेपेला बहुधा सासरच्याच दवाखान्यात नाव घालते. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया एका तालुक्यात झालेली असते आणि तिचा परिणाम दुसऱ्याच तालुक्यातल्या डॉक्टरांना निस्तरायचा असतो. या दोन डॉक्टरांची गाठ कधीच पडत नाही. दोघांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे शस्त्रक्रियेची नोंद.

नव्याने रुजू होणारे वैद्यकीय अधिकारी, निवासी डॉक्टर आणि थिएटरच्या परिचारिका यांच्यासाठी तयार केलेल्या या पुस्तिकेत त्या नोंदीचे पाच भाग कसे लिहावेत ते सांगितलं आहे: शस्त्रक्रियेचं कारण, आत काय दिसलं, काय काय केलं, पोट कसं बंद केलं आणि नंतर काय करायचं. शस्त्रक्रिया अनेक प्रकारच्या असतात. प्रस्तावनेसाठी मी सिझेरियनच घेतो आहे, कारण त्या नोंदीचा वाचक नक्की येणार असतो, आणि तो येतो तेव्हा वेळ थोडा असतो.

दुसऱ्यांदा गरोदर असलेली बाई तपासणीच्या टेबलावर झोपते, तेव्हा डॉक्टरांना ओटीपोटावर एक आडवा व्रण दिसतो. “मागचं सिझर का झालं होतं?” असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. पाणी कमी झालं होतं. बाळानं आत शी केली होती. पिशवीचं तोंड उघडत नव्हतं. बाळ आडवं होतं. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ ही चार अक्षरं, तारीख, बाळाचं वजन आणि टाके काढायला कधी यायचं एवढंच असतं. याच्या आधारावर ठरवायचं असतं की हिला या वेळी कळा येऊ द्यायच्या की नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कातडीवरचा व्रण गर्भाशयावरच्या व्रणाबद्दल काहीही सांगत नाही. बाहेर सुबक आडवी रेघ असते, आणि आत गर्भाशयावर चीर आडवी असेल, उभी असेल, किंवा आडवीच्या मध्यातून वर गेलेली, उलट्या ‘टी’ अक्षरासारखी असेल. गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागातली आडवी चीर चांगली भरून येते. कळांच्या वेळी आकुंचनाचं मुख्य काम वरचा जाड भाग करतो, त्यामुळे खालच्या व्रणावर त्याचा ताण कमी येतो. अशा एका सिझेरियननंतर पुढच्या खेपेला कळा येऊ दिल्या, तर व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० बायकांत एक, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. योग्य दवाखान्यात, पूर्ण देखरेखीखाली हा धोका पत्करता येतो, आणि कितीतरी बायका दुसऱ्या खेपेला सुखरूप मोकळ्या होतात. चीर वरच्या भागात गेलेली असेल तर हिशेबच बदलतो. वरच्या भागातल्या उभ्या चिरेसाठी हा धोका ४ ते ९ टक्के धरतात, आणि असा व्रण कळा सुरू होण्याच्या आधीही उसवू शकतो. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. तिथे व्रण फाटला, तर तासाभराचा रस्ता फार लांबचा ठरतो.

वरच्या उत्तरांपैकी ‘बाळ आडवं होतं’ हे उत्तर म्हणूनच मला सर्वांत जास्त थांबवतं. आडवं बाळ, त्यात दिवस न भरलेले, आणि गर्भाशयाचा खालचा भाग पुरता तयार न झालेला, अशा वेळी चीर वर वाढवावी लागण्याची शक्यता असते. नोंद हाती नसेल तर तो नुसता संशयच राहतो. पुस्तिकेतली पहिली नमुना-नोंद याच प्रसंगाची आहे. ती शिकवण्यासाठी रचली आहे, कोणा एका रुग्णाची नाही.

बाई २४ वर्षांची, पहिलटकरीण. माहेर मोरगावजवळच्या वस्तीवर, सासर इंदापूर तालुक्यात. सोनोग्राफीप्रमाणे ३३ आठवडे. पहाटे पाणी गेलं, कळा सुरू झाल्या. आरोग्य केंद्रात तपासलं तेव्हा बाळ आडवं आणि योनिमार्गात बाळाचा हात. केंद्राने बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस देऊन तिला बारामतीला पाठवलं.

पहिला भाग कारणाचा. अनेक नोंदींत इथे दोन शब्द असतात, ‘फीटल डिस्ट्रेस’ किंवा ‘ट्रान्सव्हर्स लाय’. हे शब्द खोटे नसतात, पण ते निष्कर्ष आहेत. वाचणाऱ्याला निष्कर्षाच्या आधीचं हवं असतं: डॉक्टरांनी काय पाहिलं, किती वाजता पाहिलं आणि निर्णय कधी घेतला. आपल्या नमुन्यात हा भाग असा आहे: ३३ आठवडे, बाळ आडवं, पाठ खाली, डोकं आईच्या डाव्या बाजूला, पाणी जाऊन सहा तास, उजवा हात योनिमार्गात, बाळाचे ठोके मिनिटाला १५२, नियमित, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं, ठीक ११ वाजता सिझेरियनचा निर्णय, ११ वाजून १० मिनिटांनी संमती. बाळाची पाठ खाली होती हे दोन शब्द पुढे सगळ्या नोंदीला पुरतात. पाठ खाली म्हणजे पाय वर आणि दूर. खालच्या चिरेतून हात घातला तर बाळाचा पाय सहजी सापडत नाही. चीर वाढवावी लागेल याची चाहूल कारणातच लागलेली असते.

कारणाचा भाग काळजीपूर्वक का लिहायचा याचं दुसरं उदाहरण याच मातीत आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यासमोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असं सांगितलं. एखाद्या तिशीतल्या बाईचं गर्भाशय काढणं योग्य होतं की नाही, हे तपासायला बसणाऱ्या माणसाला कारणाचा रकाना लागतो. तिथे ‘अंगावरून पांढरं जाणं’ एवढंच असेल तर ते कारण नव्हेच, तक्रार आहे. किती महिने रक्तस्राव होता, हिमोग्लोबिन किती, सोनोग्राफीत काय, पिशवीच्या अस्तराची तपासणी झाली का, औषधं कोणती आणि किती दिवस दिली, एवढं लिहिलं की कारण उभं राहतं किंवा पडतं. मी तर म्हणेन की हा भाग शस्त्रक्रियेच्या आधी लिहावा. चार ओळींत कारण लिहिता आलं नाही, तर सुरी हातात घेण्यापूर्वी पुन्हा विचार करायला वेळ मिळतो.

दुसरा भाग, आत काय दिसलं. निरीक्षण आणि कृती वेगळी ठेवायची ही साऱ्या मांडणीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. एकत्र लिहिलं की ‘खालचा भाग नीट तयार नसल्याने चीर वर वाढवली’ असं वाक्य येतं. त्यात पाहणं आणि करणं इतकं मिसळून जातं, की खालचा भाग किती तयार होता हे कोणी पाहिलं होतं की नंतर समर्थनासाठी लिहिलं, ते कळत नाही. नमुन्यात निरीक्षणं अशी आहेत: गर्भाशयाचा खालचा भाग अरुंद आणि जाड, रुंदी अंदाजे पाच सेंटिमीटर, मूत्राशय जागेवर, चिकटलेलं नाही, गर्भजल जवळपास संपलेलं, उरलेलं स्वच्छ, बाळ आडवं, पाठ खाली, वार मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, गर्भाशयात पडदा किंवा गाठ नाही, दोन्ही नळ्या आणि बीजकोश पाहिले, नेहमीसारखे.

‘पाहिले’ या शब्दाचा आग्रह पुस्तिकेने धरला आहे आणि तो मला पटतो. गर्भाशयात पडदा नाही, हे हात घालून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. बाळ आडवं होण्यामागे असा पडदा असू शकतो, आणि असला तर पुढचं बाळही आडवं राहू शकतं. पाहायला जमलं नसेल, रक्तस्राव जास्त होता किंवा भूल उतरत होती, तर ‘नळ्या पाहिल्या नाहीत’ असं लिहिणं पूर्णपणे योग्य आहे. त्या वाक्याने पुढच्या डॉक्टरांना अचूक माहिती मिळते.

प्रत्यक्ष टेबलावर मात्र पाहणं आणि करणं एकामागून एक रांगेत येत नाही. काही गोष्टी चीर घेतल्यावरच दिसतात. त्यासाठी साधी सोय केली आहे: उशिरा दिसलेली गोष्टही दुसऱ्याच भागात लिहायची, फक्त ती कोणत्या टप्प्यावर दिसली तेवढं जोडायचं. ‘आडवी चीर घेतल्यानंतर: पाय हाताला लागत नाहीत, चिरेभोवती गर्भाशय आवळून बसलेलं’ ही ओळ नमुन्यात तशीच आली आहे.

तिसरा भाग कृतीचा. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एकीकडे ‘सिझेरियन नेहमीप्रमाणे केलं’ हे एकच वाक्य. दुसरीकडे कातडीपासून कातडीपर्यंत प्रत्येक थराचं पाठ केलेलं वर्णन, ज्यात त्या दिवशी वेगळं काय घडलं ते बुडून जातं. नेहमीचे टप्पे थोडक्यात आणि वेगळं घडलेलं सविस्तर, हे प्रमाण राखता आलं पाहिजे. नमुन्यातला हा भाग मी इथे सलग देतो. पाठीत भूल देऊन, चीर घेण्याआधी प्रतिजैविकाचा डोस देऊन, ओटीपोटावर आडवी चीर घेतली. पोटात शिरून मूत्राशयाच्या वरचं आवरण उघडून मूत्राशय खाली सारलं. गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवी चीर घेतली. पाय शोधण्याचा एकदा प्रयत्न केला, सापडले नाहीत. भूलतज्ज्ञांना सांगून गर्भाशय सैल करणारं औषध देवविलं. दुसरा प्रयत्नही जमला नाही. आडव्या चिरेच्या मध्यातून उभी चीर वर घेतली, लांबी चार सेंटिमीटर, वरच्या जाड भागात अंदाजे दोन सेंटिमीटर गेली. डावा पाय धरून बाळ पायाकडून बाहेर काढलं. ११ वाजून ५२ मिनिटं, मुलगी, १,७८० ग्रॅम, थोड्या मदतीनंतर रडली, नवजात अतिदक्षता कक्षात पाठवली. नाळ हळू ओढून वार पूर्ण काढली, गर्भाशय आतून हात फिरवून तपासलं. ऑक्सिटोसिन दिलं, गर्भाशय घट्ट झालं.

यातलं एकच वाक्य बाईचं पुढचं बाळंतपण ठरवतं: उभी चीर, चार सेंटिमीटर, वरच्या भागात दोन सेंटिमीटर. कुठून कुठवर आणि किती, हे आकड्यात हवं. शेजारी गर्भाशयाची छोटी रेघांची आकृती काढून त्यावर चीर दाखवायला पुस्तिकेत चौकोन ठेवला आहे. लिहिताना हात थकलेला असतो, अक्षर वाचता येत नाही, पण आकृती वाचता येते. आणि शस्त्रक्रियेच्या नावाच्या रकान्यात ‘एलएससीएस’ लिहायचं नाही. ‘सिझेरियन, उलट्या टी आकाराची चीर’ असंच लिहायचं. डिस्चार्ज कार्डावर उतरतं ते हेच नाव, म्हणून तिथे सोयीचं लघुरूप वापरणं धोक्याचं आहे.

चौथा भाग, पोट बंद करणं. अनेकांना हा रकाना कंटाळवाणा वाटतो आणि ‘थरांनुसार बंद’ लिहून ते मोकळे होतात. पण कोणता धागा, किती थर, कुठे अडचण आली, हे पुढे उपयोगी पडतं. नमुन्यात उभी चीर तीन थरांत आणि आडवी दोन थरांत, एक नंबरच्या व्हिक्रिलने शिवली. दोन्ही चिरा मिळतात तिथे एक जादा टाका घातला. रक्तस्राव थांबल्याची खात्री केली. पोटाचं जाड आवरण एक नंबरच्या व्हिक्रिलने सलग, कातडी नायलॉनच्या टाक्यांनी. शिवण संपताना लघवीच्या नळीत स्वच्छ लघवी. ही शेवटची ओळ छोटी आहे, पण मूत्राशयाला इजा झालेली नाही याची ती साक्ष आहे. लघवी लाल दिसली तर टेबलावरच शोध घ्यायचा असतो, वॉर्डात नव्हे.

याच भागात मॉप आणि हत्यारांची मोजणी येते. ती सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवताना होते, आणि मोजणाऱ्या परिचारिकेची सही वेगळी असते. पोटात राहिलेला मॉप काही दिवसांनी ताप आणि गाठ होऊन समोर येतो, काही वेळा वर्षांनीही. मोजणी जुळली नाही, तर ते लिहून पुढे काय केलं, क्ष-किरण काढला का, तेही लिहायचं.

रक्तस्रावाचा आकडाही इथेच आहे, आणि नोंद खरी की नुसती भरलेली हे ओळखण्याची तीच उत्तम जागा आहे. कोणत्याही दवाखान्याच्या एका महिन्याच्या नोंदी पुढ्यात घ्या आणि फक्त ही ओळ वाचत जा. प्रत्येक पानावर ४०० किंवा ५०० मिलिलिटर असेल, तर कोणी मोजलेलं नाही. मग दुसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन पाहा. आधी १०.२ आणि नंतर ७.१ असेल, तर ५०० हा आकडा टिकत नाही. मोजणं अवघड नाही. बाटलीत ओढलेल्या द्रवातून गर्भजल वजा करायचं. भिजलेल्या मॉपचं वजन करून कोरड्या मॉपचं वजन वजा करायचं, आणि एक ग्रॅमला एक मिलिलिटर धरायचं. नमुन्यात बाटलीत ४५०, मॉपमध्ये ४००, मिळून ८५० मिलिलिटर. आधीचं हिमोग्लोबिन १०.४, दुसऱ्या दिवशीचं ८.९. हे एकमेकांना धरून आहे.

छापील नमुन्यांचा धोका मी इथेच सांगतो, कारण ही पुस्तिकाही शेवटी नमुनेच देते. संगणकात आधीच भरून ठेवलेली नोंद असते, तिच्यात नाव आणि तारीख बदलली की काम झालं. त्यात ‘नळ्या नेहमीसारख्या’, ‘मॉप मोजणी बरोबर’, ‘खालच्या भागात आडवी चीर’ ही वाक्यं तयारच असतात. ज्या दिवशी चीर वर जाते, त्या दिवशी थकलेला डॉक्टर ते वाक्य पुसायला विसरतो, आणि नोंद उघड खोटी होते. कोऱ्या कागदावर अपुरी नोंद झाली, तर वाचणारा सावध राहतो. भरलेल्या, नीटनेटक्या, चुकीच्या नोंदीवर तो विश्वास ठेवतो. म्हणून या पुस्तिकेत शीर्षकं छापली आहेत, उत्तरं नाहीत. चिरेच्या रकान्यात तर मुद्दाम काहीच सुचवलेलं नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मार्गदर्शनातही नोंदीत तारीख-वेळ, शस्त्रक्रिया ठरवून की तातडीची, करणारे आणि मदतनीस, चीर, निरीक्षणं, अडचणी, बंद करण्याची पद्धत, अपेक्षित रक्तस्राव, नंतरच्या सूचना आणि सही हे सारं मागितलं आहे. म्हणजे मांडणीत नवं काही नाही. आपल्याकडे सोपं आहे ते करायचं राहतं, ते म्हणजे रुग्ण थिएटरमधून बाहेर जाण्याआधी नोंद पुरी करणं. दिवसभराच्या चार शस्त्रक्रियांच्या नोंदी संध्याकाळी एकत्र लिहिल्या, की दोन बायकांचे तपशील एकमेकींत मिसळतात. उशीर झालाच तर नोंद लिहिल्याची खरी वेळ टाकायची. चूक सुधारताना एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं ठेवून, सही आणि तारीख करायची.

पाचवा भाग नंतरच्या सूचनांचा. ‘नेहमीप्रमाणे काळजी’ असं लिहिणाऱ्याने रात्रपाळीच्या परिचारिकेला एकटं सोडलेलं असतं. तिला आकडे हवेत. नमुन्यात लिहिलं आहे: पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय घट्ट आहे का आणि अंगावरून जाणारं रक्त, त्यानंतर दर तासाला. नाडी ११० च्या वर, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, लघवी तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, यांतलं काहीही झालं तर डॉक्टरांना बोलवायचं, आणि कोणत्या डॉक्टरांना ते नावानिशी. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची. बाळ वेगळ्या कक्षात असल्याने आईचं दूध काढून पाठवायचं, पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची. टाके आठव्या दिवशी.

गर्भनिरोधनाची ओळ इथे चुकवायची नाही. सिझेरियनच्या वेळीच कॉपर-टी बसवण्याची सोय सरकारी दवाखान्यांत आहे. बसवली असेल आणि लिहिली नसेल, तर दोरा वर राहिल्यामुळे तपासणीत ती दिसत नाही; बाईला पुढे मूल हवं असतं, दिवस राहत नाहीत आणि कारण कोणालाच कळत नाही. नळ्या बांधल्या असतील तर कोणत्या पद्धतीने, दोन्ही बांधल्या का, आणि संमती कधी घेतली तेही हवं. नमुन्यातल्या बाईची कॉपर-टीसाठी आधी संमती घेतलेली नव्हती, म्हणून बसवली नाही. सहा आठवड्यांनी तपासणीला येईल तेव्हा बोलायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे.

आणि मग या भागाचा दुसरा अर्धा, जो वॉर्डसाठी नसून पुढच्या खेपेसाठी आहे. नोंदीची बाकीची भाषा डॉक्टरांची असली तरी हा अर्धा भाग मराठीत, सुवाच्य, आणि डिस्चार्ज कार्डावर जसाच्या तसा उतरवायचा. नमुन्यात तो असा आहे:

“गर्भाशयावरची चीर वरच्या भागापर्यंत गेली आहे. पुढच्या खेपेला कळांची वाट पाहायची नाही. ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, कळा सुरू होण्याआधी, ठरवून सिझेरियन करायचं. आठव्या महिन्यापासून शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्याजवळ राहायचं. पोटात सतत दुखलं, अंगावरून रक्त गेलं, किंवा कळा आल्या, तर लगेच निघायचं, १०८ ला फोन करायचा. पुढचं मूल किमान दोन वर्षांनी.”

हे बाईला आणि तिच्याबरोबरच्या माणसाला वाचून दाखवायचं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. मी हे अनेकदा केलं आहे आणि ऐकणारं माणूस एक गोष्ट हमखास गाळतं: ‘कळा सुरू होण्याआधी’. घरच्यांना वाटतं, दुखायला लागलं की जाऊ. म्हणून तेवढं वाक्य पुन्हा सांगायचं, आणि सासूबाई आल्या असतील तर त्यांनाही सांगायचं, कारण पुढच्या खेपेला बाई कुठे राहणार हे बऱ्याच घरांत त्याच ठरवतात.

आता राहतो तो कागदाचा प्रश्न. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात, आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली रुग्णाच्या मागणीवरून कागदपत्रं देणं दवाखान्यांना आणि डॉक्टरांना बंधनकारक असल्याचं सांगितलं होतं. पण तीन वर्षांचा हिशेब आपल्या नमुन्यातल्या बाईला लावून पाहा. तिने सल्ला पाळला, अडीच वर्षं थांबली, तर पुढच्या खेपेचा आठवा महिना येतो तेव्हा दवाखान्यावरचं बंधन संपलेलं असतं. रेकॉर्ड रूममध्ये वाळवी, पाणी, रद्दी यांपैकी काही झालं नसेलच असं नाही. म्हणून मागणीची वाट न पाहता, घरी सोडतानाच पाचही भागांच्या नोंदीची प्रत डिस्चार्ज कार्डाला जोडायची. ज्यांच्याकडे फोन आहे, त्यांना त्या पानाचा फोटो काढायला लावायचा आणि तो नवऱ्याच्या व बाईच्या, अशा दोन्ही फोनवर ठेवायला सांगायचा. माता व बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने एक ओळ टाकायची: ‘गर्भाशयावर उलट्या टीची चीर, कळा येऊ द्यायच्या नाहीत.’ ते कार्ड आशाताईंच्या नजरेखालून जातं, आणि सासरच्या गावात बाईला दिवस गेल्याचं दवाखान्याच्या आधी बहुतेकदा आशाताईंनाच कळतं.

पुस्तिकेच्या पुढच्या पानांत आणखी नमुने आहेत: फुटलेलं अपेंडिक्स, हर्नियाची जाळी, आणि वारेमुळे गुंतागुंत झालेलं दुसरं सिझेरियन. हर्नियाच्या नमुन्यात जाळीच्या वेष्टनावरचा क्रमांकाचा स्टिकर नोंदीला चिकटवायचा आहे, तो विसरू नये. वाचताना प्रत्येक नमुन्यातला चौथा भाग झाकून, पहिल्या तिन्ही भागांवरून पोट कसं बंद केलं असेल याचा अंदाज करून पाहा. जिथे अंदाज जमत नाही, तिथे आधीच्या भागांत काहीतरी लिहायचं राहिलं आहे. ते काय, हे पानाच्या समासात लिहून ठेवा.